पायातलं पाणी, कागदावरचे स्नायू

दहा दिवसांत वजन चार किलोंनी वाढलं, पण चरबी दीड किलोने घटली आणि चरबी सोडून बाकीचं शरीर साडेपाच किलोंनी भरलं. जिममधल्या यंत्रातून असा कागद बाहेर आला तर कुणीही खूश होईल. ट्रेनर पाठ थोपटेल, घरचे म्हणतील, चालणं मानवलं बरं का. पण अगदी हेच आकडे पायांवर सूज चढलेल्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या हृदयरुग्णाचेही असू शकतात. अशा माणसाला त्या क्षणी शाबासकीची नाही, डॉक्टरांची गरज असते.

शरीरातली चरबी, स्नायू आणि पाणी किती, हे अर्ध्या मिनिटात सांगणारी ही यंत्रं आता सगळीकडे दिसतात. जिममध्ये, आहारतज्ज्ञांच्या दवाखान्यात, सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात ती असतातच. ऑनलाइन मागवलेला, मोबाइलला जोडायचा काचेचा काटाही याच जातीचा. या सगळ्यांमागचं तंत्र एकच, त्याचं नाव बायोइम्पिडन्स. निरोगी माणसाला त्यातून ढोबळ अंदाज मिळतो. मात्र तीन प्रकारच्या माणसांनी त्यावर चढू नये, किंवा चढल्यास आकड्यांवर विश्वास ठेवू नये, असं या यंत्रांच्या माहितीपुस्तकातच बहुधा लिहिलेलं असतं: पेसमेकर बसवलेले, अंगावर सूज असलेले आणि गरोदर स्त्रिया. तिघं एकाच यादीत असले तरी तिघांची कारणं वेगळी आहेत. ती समजली तर कोणती सूचना काटेकोरपणे पाळायची आणि कोणत्या आकड्याकडे काणाडोळा करायचा, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

यंत्र मोजतं काय?

आधी एक गोष्ट लख्ख करून घेऊ. हे यंत्र चरबी मोजत नाही. स्नायूही मोजत नाही. ते मोजतं फक्त विजेला होणारा विरोध.

अनवाणी पाय धातूच्या पट्ट्यांवर ठेवले की त्यांतून एक अतिशय क्षीण वीजप्रवाह अंगात सोडला जातो. तो साधारण एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असतो, त्यामुळे आपल्याला काही जाणवत नाही. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते. अनेक यंत्रांत हा आकडा पन्नास हजार असतो. शरीरातलं पाणी क्षारयुक्त असल्यामुळे त्यातून वीज सहज जाते. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून तिथे विरोध कमी. चरबीत पाणी थोडं, म्हणून तिथे विरोध जास्त. वाटेत एकूण किती विरोध झाला, तो ओहममध्ये मोजला की यंत्राचं मोजण्याचं काम संपलं.

यापुढे जे होतं ते गणित आहे. विरोध आणि उंची यांवरून शरीरात एकूण पाणी किती असावं, याचा अंदाज एका सूत्राने काढला जातो. सूत्रात वजन, वय, स्त्री की पुरुष याही गोष्टी घातलेल्या असतात. मग येतं सगळ्यात महत्त्वाचं गृहीतक. शरीरातून चरबी वजा केली तर जे उरतं, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, रक्त वगैरे, त्यात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरलं जातं. म्हणजे पाण्याच्या अंदाजाला ०.७३ ने भागलं की चरबीविरहित वजन मिळतं, आणि ते एकूण वजनातून वजा केलं की उरते ती चरबी. आधुनिक यंत्रांची सूत्रं याहून गुंतागुंतीची असतात आणि कंपन्या ती सहसा उघड करत नाहीत, पण पाया हाच.

निरोगी, प्रौढ माणसात हे ७३ टक्क्यांचं प्रमाण बरंच स्थिर असतं, म्हणून युक्ती चालते. सूत्रंही बहुतेक निरोगी लोकांच्या मोजमापांवरूनच बसवलेली असतात. ज्या शरीरात पाण्याचं हे प्रमाण बिघडलेलं आहे, तिथे यंत्राने विरोध कितीही अचूक मोजला तरी पुढचं गणित चुकतं. सूज आणि गरोदरपण यांत नेमकं हेच होतं.

सूज: चार लिटर पाण्याचा हिशेब

एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून पाहू. समजा, साठी ओलांडलेल्या एक काकू आहेत. वजन ६६ किलो. एरवी त्यांच्या शरीरात ३० लिटर पाणी आहे. ३० ला ०.७३ ने भागलं की येतात ४१.१ किलो, हे त्यांचं चरबीविरहित वजन. ६६ मधून ते वजा केलं की उरते २४.९ किलो चरबी, म्हणजे वजनाच्या ३७.७ टक्के. हे आकडे बरोबर आहेत असं धरून चालू.

आता काकूंचं हृदय थोडं अशक्त झालं आणि दहा दिवसांत पायांमध्ये चार लिटर पाणी साठलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा वजन झालं ७० किलो. चरबी एक ग्रॅमही बदललेली नाही, स्नायूही तेवढेच. आणि आपलं यंत्र इतकं चांगलं आहे असं समजू, की त्याने पाणी अगदी बिनचूक मोजलं: ३४ लिटर. पुढचं गणित त्याच ठरलेल्या वाटेने जातं. ३४ भागिले ०.७३, म्हणजे ४६.६ किलो चरबीविरहित वजन. ७० मधून ते वजा केलं की चरबी उरते २३.४ किलो, म्हणजे ३३.४ टक्के.

बिघाड कुठे झाला ते पाहा. यंत्राला चार लिटर पाणी जास्त दिसलं. पण पाणी नुसतं सुटं साठू शकतं, ही शक्यताच त्याच्या गणितात नाही. त्याच्या लेखी पाणी वाढलं म्हणजे ते धरून ठेवणारा मांसल भागही वाढला. म्हणून चार किलो पाण्याचं त्याने साडेपाच किलो चरबीविरहित वजन केलं. प्रत्यक्षात वजन वाढलं होतं फक्त चार किलो. हिशेब जुळवायला उरलेला दीड किलो कुठून तरी काढायला हवा, तो त्याने चरबीतून काढला. सुरुवातीला सांगितलेला आनंदाचा कागद तो हाच.

पुढे आणखी एक गंमत होते, आणि ती जास्त त्रासदायक असते. डॉक्टर काकूंना लघवी वाढवणारी गोळी देतात, आठवड्याभरात सूज उतरते, धाप कमी होते, काकू बऱ्या होतात. आता त्या पुन्हा यंत्रावर उभ्या राहिल्या तर कागद सांगतो की चरबीविरहित वजन साडेपाच किलोंनी घटलं आणि चरबीचा टक्का चारांहून जास्त वाढला. तब्येत सुधारली, कागद बिघडला. कुणी तो वाचून गोळीमुळे अंगातली ताकद गेली असं म्हणायला लागलं आणि काकूंनी गोळी सोडली, तर पाणी पुन्हा भरतं.

सूज फक्त हृदयाच्या आजारातच येते असं नाही. मूत्रपिंडाचे विकार, यकृताचे विकार, रक्तातली प्रथिनं कमी होणं, पायांच्या शिरा फुगणं, स्टिरॉइडची औषधं अशी कारणं अनेक. आपल्याकडे एक कारण घरोघरी सापडेल: रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी. ती अतिशय उपयोगी आहे, पण काहींच्या घोट्यांवर तिने सूज येते आणि मात्रा जास्त असेल तर ती शक्यताही वाढते. काट्यावर दोन पाय ठेवून घेतलेल्या मोजमापात वीज एका पायातून वर चढते आणि दुसऱ्यातून खाली उतरते, म्हणजे मोजली जाते ती मुख्यतः पायांचीच वाट. तिथेच सूज असेल तर आकड्याचा काय भरवसा? विदर्भात आजही आढळणाऱ्या हत्तीरोगात तर बहुधा एकच पाय सुजतो. तिथे दोन पायांच्या सरासरीवरून संपूर्ण शरीराचा अंदाज बांधण्याला काही अर्थच उरत नाही.

तेच पाणी पोटात असेल तर?

आता उदाहरणात एकच बदल करू. काकूंचं ते चार लिटर पाणी पायांऐवजी पोटात साठलंय, म्हणजे त्यांना जलोदर झालाय. पाणी तेवढंच, वजनही तेच ७० किलो. मग कागदही तोच यायला हवा. पण तो नेमका उलटा येतो.

याचं कारण वीज कुठे अडते यात आहे. हात आणि पाय लांब व अरुंद असतात, धड आखूड व रुंद. रुंद चौकात गाड्या खोळंबत नाहीत, खोळंबतात त्या दोन्ही टोकांच्या अरुंद पुलांवर, विजेचंही तसंच. हातापासून पायापर्यंत मोजलेल्या एकूण विरोधात धडाचा वाटा जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो, जवळजवळ बाकी सगळा हातापायांचा. वजनात मात्र धडाचा वाटा निम्म्याच्या घरात. म्हणून घोट्या-पोटऱ्यांतलं थोडंसं पाणीही यंत्राला ठळक दिसतं, आणि पोटातलं चार लिटर पाणी जवळपास दिसतच नाही.

मग यंत्राचा हिशेब असा होतो: वजन चार किलोंनी वाढलं, विरोध होता तेवढाच आहे, म्हणजे पाणी फारसं वाढलेलं नाही, म्हणजे वाढली ती चरबी. सूत्रात वजनही धरलेलं असल्यामुळे थोडासा भाग चरबीविरहित वजनाकडे जातो. बाकी सगळं चरबीच्या खात्यात. काकूंची चरबी २८ किलोंवर आणि टक्का चाळिशीच्या घरात पोहोचतो. यकृताचा रुग्ण हातापायांनी वाळत असतो, त्याचे स्नायू खरोखरच झडत असतात, आणि यंत्र त्याला लठ्ठ ठरवतं. डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढलं की दुसऱ्या दिवशी तेच यंत्र चरबी उतरली म्हणून सांगेल.

थोडक्यात, सुजेत आकडा चुकतो एवढंच म्हणून भागत नाही. पाणी कुठे साठलंय त्यावर चूक कोणत्या दिशेने होणार ते ठरतं. पायात साठलं तर ते कागदावर स्नायू होतं, पोटात साठलं तर चरबी. दोन्हीकडे असेल, आणि अनेक रुग्णांत ते तसंच असतं, तर कागदावर काय येईल ते सांगणं कठीण. एखादा ठरावीक आकडा वजा करून चूक दुरुस्त करता येत नाही ती यामुळेच.

गरोदरपणात दोन्ही चुका एकदम

गरोदर स्त्रीच्या बाबतीत या दोन्ही चुका एकाच वेळी घडतात, आणि तेही काही आजार नसताना.

नऊ महिन्यांत वाढणारं वजन साधारण साडेबारा किलो धरलं, तर त्यात तीन-सव्वातीन किलोंचं बाळ, सहाशे-सातशे ग्रॅमची वार, पाऊण लिटरच्या आसपास गर्भजल, किलोभर वाढलेलं गर्भाशय, सव्वा ते दीड लिटर जादा रक्त, स्तनांची वाढ, अंगभर साठलेलं पाणी आणि तीन किलोंच्या आसपास आईची स्वतःची चरबी येते. ही चरबी पुढे अंगावर पाजण्यासाठी केलेली तरतूद असते. एकूण वाढीतला निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो.

शेवटच्या महिन्यांत आईच्या चरबीविरहित शरीरातलं पाण्याचं प्रमाण ७३ वरून ७५ टक्क्यांच्या आसपास जातं. दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण अंगात ३७ लिटर पाणी असेल, तर ०.७३ ने भागल्यावर ५०.७ किलो येतात आणि ०.७५ ने भागल्यावर ४९.३. म्हणजे नुसत्या भाजकातल्या फरकाने दीड-एक किलो चरबी कागदावरून गायब होते. ही झाली पायांच्या सुजेसारखी चूक. दुसरीकडे बाळ, वार आणि गर्भजल हे सगळं धडात, म्हणजे यंत्राला जवळजवळ न दिसणाऱ्या जागी. त्यांचं वजन काट्यावर येतं, पण विरोधात फारसा फरक पडत नाही, म्हणून ते चरबीत मोजलं जाण्याची शक्यता असते. ही झाली जलोदरासारखी चूक. दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात, त्यांचं प्रमाण दर महिन्याला बदलतं आणि प्रत्येकीत वेगळं असतं. शिवाय काट्याला बाळ आणि आई अशी फोडही करता येत नाही. त्याच्या दृष्टीने उभी आहे ती एकच व्यक्ती.

या प्रवाहाने बाळाला अपाय होतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. असा अपाय झाल्याचं दिसून आलेलं नाही. संशोधकांनी गरोदर स्त्रियांमधल्या पाण्याचा अभ्यास करताना हेच तंत्र देखरेखीखाली वापरलंही आहे. तरी कंपन्या घरगुती काटे गरोदर स्त्रियांसाठी तपासून विकत नाहीत, म्हणून खबरदारी म्हणून वापरू नका असं लिहितात. ती सूचना पाळावी, पण चुकून एकदा वजन केलं म्हणून धास्ती घेऊ नये. खरा धोका आहे तो आकड्यावर विश्वास ठेवण्यात. पाचव्या-सहाव्या महिन्यात चरबी वाढली असा कागद हातात पडल्यावर एखादी मुलगी रात्रीचं जेवण कमी करते, आणि तेव्हा तिला व बाळाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

गरोदरपणात पाहायचं असतं ते साधं वजन, रक्तदाब आणि सूज. वजन एकदम वाढू लागलं, चेहरा आणि हात सुजले, डोकं सतत दुखू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रक्तदाब वाढल्याची, प्रीएक्लॅम्प्सियाची ही लक्षणं असू शकतात. बाळंतपणानंतरही अंगातलं पाणी उतरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे या यंत्राची घाई तेव्हाही नको.

पेसमेकर: इथे प्रश्न आकड्याचा नाही

पेसमेकरवाल्यांची गोष्ट मुळातच वेगळी आहे. सूज असलेल्याने यंत्रावर पाय ठेवला तर चुकीचा कागद मिळतो. पेसमेकर असलेल्याच्या बाबतीत काळजी असते ती त्या क्षीण प्रवाहाचीच.

पेसमेकर सतत ठोके देत बसतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आजचे पेसमेकर बराच वेळ फक्त ऐकत असतात. हृदयाचा प्रत्येक ठोका काही मिलिव्होल्टचा विजेचा संदेश निर्माण करतो. तारेच्या टोकाशी तो संदेश वेळेत आला, तर पेसमेकर गप्प राहतो. आला नाही, तर स्वतः ठोका देतो. आता बाहेरून आलेल्या प्रवाहालाच त्याने हृदयाचा संदेश समजलं तर? हृदय आपलं आपण चालतंय असं समजून तो गप्प बसेल, आणि ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे त्याला भोवळ येऊ शकेल. आयसीडी नावाचं उपकरण याच्या पुढचं. हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडली तर ते आतून शॉक देतं. त्याने बाहेरच्या प्रवाहाला बिघडलेली लय समजलं, तर विनाकारण शॉक बसू शकतो.

काही पेसमेकरांत आणखी एक बारकावा असतो. माणूस चालू लागला की ठोके वाढायला हवेत, म्हणून ते श्वासाचा वेग ओळखतात. तो ओळखण्यासाठी ते स्वतःच छातीत क्षीण प्रवाह सोडून विरोधातला चढउतार मोजतात, म्हणजे तेही बायोइम्पिडन्सच वापरतात. रुग्णालयातली काही देखरेखीची यंत्रं याच पद्धतीने श्वास मोजतात. दोन प्रवाह एकमेकांत मिसळले की पेसमेकरची फसगत होऊन ठोके विनाकारण वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने १९९८ मध्येच दिला होता.

मग काट्यामुळे खरोखर असं घडतं का? दोन्ही बाजू सांगायला हव्यात. पेसमेकर आणि आयसीडी असलेल्या रुग्णांवर रुग्णालयात, ईसीजी चालू ठेवून ही मोजमापं घेतली गेली आहेत, आणि त्या छोट्या अभ्यासांत उपकरणांच्या कामात अडथळा आलेला दिसला नाही. दुसरीकडे, २०२३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘हार्ट रिदम’ या नियतकालिकात वेगळा निष्कर्ष मांडला. संगणकावरची प्रतिमानं आणि प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलेली हृदयोपकरणं यांच्या आधारे त्यांनी दाखवलं की स्मार्ट काटे, घड्याळं आणि अंगठ्या यांतला बायोइम्पिडन्सचा प्रवाह अशा उपकरणांत अडथळा आणू शकतो. हा प्रयोग रुग्णांवर केलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून थेट घबराट पसरवण्याचं कारण नाही. पण धोका शून्य आहे असंही म्हणता येत नाही. बाथरूममध्ये एकट्याने काट्यावर उभं राहिलेल्या माणसाजवळ ईसीजी नसतो आणि डॉक्टरही नसतात. मिळणार काय, तर चरबीचा एक अंदाज. तेवढ्यासाठी ही जोखीम घ्यायची नाही, एवढाच याचा व्यवहारी अर्थ.

इथे एक पेच आहे. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात, कारण अंगात पाणी साठू लागल्याचं ते सगळ्यात लवकर कळणारं लक्षण आहे. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर कळवा, असा साधारण नियम. यातल्या अनेकांना पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेला असतो. म्हणजे ज्याने रोज काट्यावर चढायलाच हवं, त्यानेच घरातल्या स्मार्ट काट्यावर चढायचं नाही. मुलाने हौसेने मागवलेल्या काट्यावर आजोबा रोज सकाळी उभे राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे: आजोबांसाठी पाय ठेवायच्या जागी धातूच्या पट्ट्या नसलेला साधा काटा वेगळा घ्यावा. पायमोजे घालून चढण्याची युक्ती खात्रीची नाही. काही काट्यांत फक्त वजन दाखवायची सोय असते, पण तेव्हा प्रवाह खरोखरच बंद होतो की फक्त आकडा लपवला जातो, हे माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्यावर विसंबावं. आजवर नकळत वापरला असेल तर घाबरू नये. पाय उचलले की प्रवाह थांबतो. मात्र काट्यावर असताना कधी चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा शॉक बसल्यासारखं वाटलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. काही स्मार्ट घड्याळांतही बोटं टेकवून शरीरातली चरबी मोजायची सोय असते. नियम तिथेही हाच.

आकडा खोटा बोलतोय हे कसं ओळखावं?

सुजेचा संशय असेल तर आधी अंगठा वापरावा, मग यंत्र. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-दहा सेकंद घट्ट दाबून धरावं. अंगठा उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तिथे पाणी आहे. संध्याकाळी मोज्यांचे खोल वळ उमटणं, चप्पल अचानक घट्ट होणं याही खुणा. मात्र खड्डा पडत नाही म्हणजे पाणी नाहीच, असंही नाही. डोळ्यांना सूज दिसायच्या आधीच अंगात दोन-तीन लिटर पाणी साठलेलं असू शकतं.

दुसरी कसोटी काळाची. किलोभर चरबी जाळायला अंदाजे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते, आणि किलोभर स्नायू कमवायला कित्येक आठवड्यांचा व्यायाम लागतो. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांत कागदावर चरबी किंवा स्नायू काही किलोंनी हलले असतील, तर हललंय ते पाणी, असं खुशाल समजावं.

तिसरी कसोटी जिममधल्या मोठ्या यंत्रांच्या कागदावरच छापलेली असते, पण ती क्वचितच कुणी वाचतं. ही यंत्रं वेगवेगळ्या वेगाने दिशा बदलणारे प्रवाह सोडतात. कमी वेगाचा प्रवाह पेशींच्या बाहेरच्या पाण्यातूनच जातो, जास्त वेगाचा पेशींच्या आतही शिरतो. त्यावरून पेशींबाहेरचं पाणी एकूण पाण्याच्या किती, हे गुणोत्तर निघतं. कागदावर ते ECW/TBW असं लिहिलेलं असतं. निरोगी माणसात ते साधारण ०.३८ च्या आसपास असतं, आणि सूज आली की ०.३९ च्या वर सरकतं. तो आकडा वर असेल तर त्याच कागदावरच्या चरबी-स्नायूंच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करावं. मूत्रपिंडतज्ज्ञ याच गुणधर्माचा उलटा फायदा घेतात. डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगात जादा पाणी किती आहे हे पाहण्यासाठी ते खास यंत्रं वापरतात. जादा पाणी वेगळं मोजायचं, हे त्या यंत्रांच्या गणितातच धरलेलं असतं.

सुजलेल्या माणसाची ताकद खरंच वाढते की घटते हे पाहायचं असेल, तर हाताची पकड मोजणारं साधं उपकरण किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लागणारा वेळ, हे जास्त प्रामाणिक आहेत. पाण्याने पाय भरतो, पण पकड घट्ट होत नाही. महागड्या डेक्सा तपासणीकडे धाव घेण्यातही अर्थ नाही. सुजेचं पाणी तीही चरबीविरहित भागातच मोजते, आणि तिच्यात क्ष-किरण असल्यामुळे गरोदरपणात ती करत नाहीत.

जिम चालवणाऱ्यांना, शिबिरं भरवणाऱ्यांना आणि आहारतज्ज्ञांना एकच विनंती. यंत्रावर कुणालाही उभं करण्याआधी तीन प्रश्न विचारा, आणि ते यंत्राशेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. छातीत पेसमेकर किंवा तसं काही उपकरण बसवलंय का? पायावर, पोटावर किंवा अंगावर सूज आहे का? दिवस गेले आहेत का, किंवा नुकतंच बाळंतपण झालंय का? पहिल्याचं उत्तर हो असेल, तर यंत्रावर पाय ठेवू देऊ नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्याचं हो असेल, तर साध्या काट्यावर वजन करा आणि सूज असणाऱ्याला डॉक्टरांकडे पाठवा. चरबीचा टक्का तीन महिन्यांनी कळला तरी कुणाचं काही बिघडत नाही.